बिनअंड्याचं तिरामिसू : भिजवणं आणि थंड करणं

बिनअंड्याचं तिरामिसू करायचं म्हटलं की सगळ्यांचं लक्ष आधी क्रीमकडे जातं. त्यातलं अंडं काढलं, त्या जागी फेटलेलं क्रीम घातलं, की काम झालं असं वाटतं. पण याच पदार्थात आणखी एका ठिकाणी अंडं असतं आणि ते सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. कॉफीत बुडवायची जी बोटभर लांबीची हलकी बिस्किटं असतात, सावोयार्दी किंवा लेडीफिंगर म्हणून विकली जाणारी, ती मुळात फेटलेल्या अंड्यांवरच उभी असतात. अंड्याचा फेस, साखर आणि मैदा, एवढाच त्यांचा कारभार. आपल्याकडे मिळणाऱ्या पाकिटांवर शाकाहाराचा हिरवा ठिपका शोधायला गेलं तर आयात केलेल्या बहुतेकांवर तपकिरी खूणच दिसते. तेव्हा घरात कुणी अंडं खात नसेल तर पाकीट उलटं करून खूण बघायची, आणि मगच पुढचं सामान आणायचं.

मूळ पदार्थ उत्तर इटलीतल्या व्हेनेतो प्रांताचा. त्रेव्हिझो गावातल्या ‘ले बेकेरिए’ या उपाहारगृहात तो १९७० च्या सुमारास आकाराला आला, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. शेजारच्या फ्रिउली प्रांताला हे मान्य नाही. तो आमचाच, आणि त्याआधीपासूनचा, असा त्यांचा दावा आहे आणि वाद अजून मिटलेला नाही. त्रेव्हिझोकरांनी आपली कृती २०१० साली नोंदवून ठेवली. त्यात एक किलो मास्कारपोने चीज, अर्धा किलो साखर, बारा अंड्यांचे बलक, साठ सावोयार्दी, कॉफी आणि कोको एवढंच आहे. दारूचा थेंबही नाही. त्यामुळे रम किंवा वाईन नसेल तर तिरामिसू कसलं, असं कुणी म्हणालं तर त्रेव्हिझोकडे बोट दाखवायला हरकत नाही.

या कृतीत बलकाचं काम दोन प्रकारचं आहे. साखरेबरोबर फेटलेला बलक हवा धरून ठेवतो, त्यामुळे मास्कारपोने हलकं होतं. शिवाय बलकातले घटक चरबी आणि पाणी एकमेकांपासून सुटू देत नाहीत, म्हणून मिश्रण दुसऱ्या दिवशीही गुळगुळीत राहतं. बलक काढला की ही दोन्ही कामं फेटलेल्या क्रीमवर येतात. हवा धरणं त्याला छान जमतं, पण आकार टिकवण्यासाठी त्याला थंडी लागते आणि खालून फार पाणी आलेलं त्याला सोसत नाही. म्हणून बिनअंड्याच्या तिरामिसूत बिस्किटं किती भिजवायची आणि भांडं किती वेळ फ्रीजमध्ये ठेवायचं, या दोन गोष्टींना मूळ कृतीपेक्षाही जास्त महत्त्व येतं.

आधी बिस्किटांचं बघू. हिरव्या ठिपक्याची लांबट स्पंज बिस्किटं मोठ्या शहरांतल्या काही दुकानांत मिळतात, ती मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर घरी करता येतात. दह्यावरचा बिनअंड्याचा केक बहुतेक घरांत होतो, त्याचाच जरा कोरडा अवतार करायचा. दीड कप मैदा, सव्वा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा सोडा एकत्र चाळून घ्यायचा. एक कप ताज्या दह्यात पाऊण कप साखर विरघळवायची. नेहमीच्या केकला अर्धा कप तेल लागतं, इथे पाव कप तेल आणि पाव कप दूध घ्यायचं. तेल जास्त झालं की केक मऊ लुसलुशीत होतो खरा, पण कॉफी नीट पीत नाही. सगळं फार न ढवळता एकत्र करून नऊ इंची चौकोनी ट्रेमध्ये १८० अंशांवर पंचवीसेक मिनिटं भाजायचं. पूर्ण गार झाल्यावर बोटाएवढ्या पट्ट्या कापायच्या, एकमेकींना चिकटू न देता मांडायच्या आणि १३० अंशांवर अर्धा-पाऊण तास सुकवायच्या, मध्ये एकदा उलटून. बेकरीवाले पाव दुसऱ्यांदा भाजून टोस्ट करतात, तेच हे तंत्र. पट्टी हाताला हलकी लागली आणि मोडताना कट्‌ आवाज आला की झाली.

हे दुसरं भाजणं आळसाने गाळू नये. ताजा केक ओलसर असतो, त्याच्या छिद्रांत आधीच पाणी असतं. त्यात कॉफी शिरायला जागा उरत नाही, आणि जी शिरते ती आधीच मऊ असलेल्या केकचा लगदा करते. सुकवलेल्या पट्टीतली छिद्रं रिकामी असतात आणि भिंती कडक, त्यामुळे ती भरपूर कॉफी पिऊनही उभी राहते. केक सुकवायला वेळच नसेल तर तो बुडवू नये. पट्ट्या भांड्यात रचून चमच्याने किंवा ब्रशने वरून थोडी थोडी कॉफी लावावी. बेकरीचा साधा टोस्टही चालतो, त्यातही बिनअंड्याचा बघून घ्यावा. मात्र त्याचा पोत दाट असल्यामुळे तो हळू भिजतो आणि खाताना आपलं टोस्टपण फारसं लपवत नाही. वेलचीचा टोस्ट तर मुळीच नको, कॉफीवर वेलची बसते आणि इटली फार लांब राहते.

कॉफी कडक हवी. नुसती प्यायला नको वाटेल, दूध घालावंसं वाटेल इतकी. एस्प्रेसोचं यंत्र घरी नसलं तरी अडत नाही. पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरमधला दाक्षिणात्य पद्धतीचा डिकॉक्शन थोडं पाणी घालून वापरला तर उत्कृष्ट लागतो. त्यातल्या चिकोरीचा किंचित कडवटपणा गोड क्रीमसमोर शोभून दिसतो. इन्स्टंट कॉफी घ्यायची तर तीनशे मिलिलिटर गरम पाण्याला सहा लहान चमचे पूड आणि एक मोठा चमचा साखर पुरते. ही कॉफी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. गरम कॉफी बिस्किटातली साखर पटकन विरघळवते आणि भिंती ढिल्या करते, त्यामुळे एका सेकंदाचा हिशेब हाताबाहेर जातो. शिवाय गरम बिस्किटावर क्रीम पसरलं तर ते खालून वितळायला लागतं.

आता भिजवण्याचं. दुकानी, कुरकुरीत बिस्किट पसरट ताटलीतल्या कॉफीत आडवं ठेवायचं, एक म्हणायचं, उलटायचं, पुन्हा एक म्हणायचं आणि उचलायचं. बस्स. पहिल्यांदा करणाऱ्याला हे फार थोडं वाटतं, कारण हातातलं बिस्किट अजून टणक लागतं. पण ते उचलल्यावरही काम चालूच असतं. बाहेरच्या थरात शिरलेली कॉफी बारीक छिद्रांतून आपोआप आत ओढली जाते. पुढचे कित्येक तास वरच्या क्रीममधला थोडा ओलावाही त्यात उतरतो. रात्रीत हे सगळं समान पसरतं. आत्ताच मऊ लागेपर्यंत भिजवलेलं बिस्किट सकाळपर्यंत दुप्पट मऊ होणार, आणि त्याच्या पोटात न मावलेली कॉफी भांड्याच्या तळाशी साठणार.

म्हणून पहिलं बिस्किट बळी द्यावं. बुडवून काढलं की अर्ध्या मिनिटाने मधोमध मोडायचं. बाहेरून तपकिरी आणि मध्ये पेन्सिलीएवढी फिकट, कोरडी रेघ दिसली तर वेळ बरोबर. रेघ दिसतच नसेल तर बुडवणं कमी करायचं. अर्ध्याहून जास्त भाग पांढरा असेल तर दोन्ही बाजूंना आणखी एकेक सेकंद द्यायचा. घरच्या पट्ट्यांना साधारण दोन-तीन सेकंद लागतात, बेकरीच्या टोस्टला त्याहून जास्त, पण हे आकडे पक्के धरू नयेत. प्रत्येक भाजणीचा पोत निराळा असतो, आणि मोडून बघितलेल्या एका बिस्किटाइतकं खात्रीचं दुसरं काही नाही.

ज्यांच्याकडे स्वयंपाकघरातला वजनकाटा आहे त्यांना आणखी एक पडताळा घेता येतो. दुकानी बिस्किट सुमारे आठ ग्रॅमचं असतं. नीट भिजलं की ते साधारण दुपटीच्या थोडं वर, म्हणजे सोळा-सतरा ग्रॅमपर्यंत जातं. चोवीस बिस्किटांचा हिशेब केला तर सगळी मिळून दोनशे-सव्वादोनशे मिलिलिटर कॉफी पितात. तीनशे केली असेल तर शेवटी ताटलीत पाऊण-एक वाटीभर उरायला हवी. अठराव्या बिस्किटालाच ताटली कोरडी पडली, तर आधीची सतरा गरजेपेक्षा जास्त प्यायली आहेत असं समजावं. अशा वेळी नवी कॉफी करू नये. राहिलेली बिस्किटं कोरडीच रचावीत, खालच्या ओल्या थरांतलं पाणी ती वाटून घेतात.

क्रीमसाठी २५० ग्रॅम मास्कारपोने, ३०० मिलिलिटर फेटायचं क्रीम, सत्तर ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ आणि थोडा व्हॅनिला लागतो. मास्कारपोनेत अंडं नसतं आणि ते सहसा रेनेट न वापरता, आम्लाने जमवलेलं असतं, त्यामुळे शाकाहाऱ्यांना अडचण येत नाही. ते महाग पडतं, आणि घरी करणं श्रीखंड करणाऱ्या घरांना मुळीच अवघड नाही. अर्धा लिटर क्रीम पातेल्यात मंद आचेवर सुमारे ८५ अंशांपर्यंत तापवायचं, म्हणजे कडेला बारीक बुडबुडे दिसतील पण उकळी येणार नाही. मग एक मोठा चमचा लिंबाचा रस घालून चार-पाच मिनिटं हलवत राहायचं. ते फाटत नाही, फक्त डावाच्या पाठीला चिकटेल इतकं दाटतं. गार करून मलमलीच्या फडक्यात, चाळणीत, रात्रभर फ्रीजमध्येच निथळत ठेवायचं. चक्का बांधतो तसं ओट्यावर टांगू नये, यात आंबणारं दही नाही, दुधातली मलई आहे आणि ती बाहेर खराब होते. या कामाला २५ टक्के स्निग्धांशाचं खोक्यातलं साधं क्रीमसुद्धा चालतं.

मास्कारपोनेऐवजी सरळ चक्का वापरावा का, असं बरेच जण विचारतात. सगळाच चक्का घातला तर कॉफीचं श्रीखंड तयार होतं. त्यात वाईट काही नाही, फक्त ते तिरामिसू नसतं. आंबटपणा पुढे येतो आणि चरबी कमी असल्यामुळे पाणी लवकर सुटतं. म्हशीच्या घट्ट, गोडसर दह्याचा चक्का मास्कारपोनेत एक तृतीयांशापर्यंत मिसळला तर मात्र कळत नाही, उलट किंचित आंबट चव बरी वाटते. जिलेटिन घालून क्रीम घट्ट करण्याची युक्ती बऱ्याच ठिकाणी सुचवलेली असते. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून होतं. अंडं टाळून ते घालण्यात काय अर्थ?

फेटायला मात्र २५ टक्क्यांचं क्रीम चालणार नाही. कितीही फेटलं तरी त्याची दाटसर कढी होते. निदान ३५ टक्के स्निग्धांश लागतो. क्रीममधली चरबी बारीक थेंबांच्या रूपात असते. थंडीत ते थेंब अर्धवट कडक होतात, आणि फेटताना एकमेकांना चिकटून हवेच्या बुडबुड्यांभोवती भिंत बांधतात. उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या स्वयंपाकघरात हेच थेंब पातळ राहतात आणि भिंत उभीच राहत नाही. म्हणून क्रीम आदल्या रात्री फ्रीजमध्ये, भांडं आणि फेटणीची पाती अर्धा तास फ्रीझरमध्ये, आणि फेटताना भांड्याखाली बर्फाचं पाणी. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात तर पंखा बंद करून, पहाटे किंवा रात्री उशिरा हे काम केलेलं बरं.

पिठीसाखर घालून क्रीम मऊ शिखरं येईपर्यंतच फेटायचं. पातं उचललं की वर आलेलं टोक हळूच वाकायला हवं. टोक ताठ उभं राहिलं तर आपण थोडे पुढे गेलो, आणि कडेला रवाळ दिसू लागलं तर लोणी सुटायला सुरुवात झाली. इथे थोडं आधी थांबण्याचं कारण असं, की मास्कारपोनेही दाट असतं आणि दोन्ही मिसळताना मिश्रण आणखी आवळतं. मास्कारपोने वेगळ्या भांड्यात कालथ्याने नुसतं सैल करायचं, यंत्राने फेटायचं नाही, नाहीतर तेही रवाळ होतं. त्यात आधी डावभर क्रीम मिसळून ते हलकं करायचं, मग उरलेलं घालून खालून वर, हलक्या हाताने एकजीव करायचं. पांढऱ्या रेघा दिसेनाशा झाल्या की हात आवरायचा.

बेकरीवाले केकवर लावतात ते वनस्पती चरबीचं क्रीमही बाजारात आहे. ते फुगतं जास्त, टिकतं जास्त आणि उन्हाळ्यात भरवशाचं असतं. पण त्याची चरबी तोंडात पूर्ण विरघळत नाही, टाळूला चिकटून राहते, आणि ते आधीच गोड असतं. वापरायचंच तर अर्धं दुधाचं, अर्धं ते, आणि पिठीसाखर जवळपास वगळून. सगळंच ते घातलं तर कॉफीची चव मागे पडते, असं माझं मत आहे.

आता रचना. वीस सेंटिमीटरच्या चौकोनी काचेच्या भांड्यात एका थराला बारा बिस्किटं बसतात, सहा-सहाच्या दोन ओळी. बिस्किट बुडवायचं आणि लगेच भांड्यात ठेवायचं. सगळी भिजवून मग रचायला घेतली तर पहिली तोवर मोडलेली असतात. फटी राहिल्या तर बिस्किटाचे तुकडे करून भराव्यात. वर अर्धं क्रीम कोपऱ्यापर्यंत पसरायचं. दुसरा थर आडवा लावावा, खालची बिस्किटं उभी असतील तर वरची आडवी, म्हणजे कापताना तुकडा एकाच फटीतून फाटत नाही. मग उरलेलं क्रीम, आणि पाठ सपाट करून झाकण. झाकण घट्ट हवं. स्निग्ध पदार्थ वास फार लवकर धरतात, आणि आपल्या फ्रीजमध्ये कापलेला कांदा, कोथिंबीर, कधी मासळी असतेच.

थंड करण्याचे तास कमी-जास्त केले तर काय होतं तेही बघू. दोन तासांनी भांडं काढलं तर वरचं क्रीम गार असतं पण सैल, आणि बिस्किटाच्या मधली ती कोरडी रेघ तशीच असते. चमचा बिस्किटावर अडतो. सहा तासांनी रेघ जाते, क्रीम आकार धरतं आणि वाढायला हरकत नसते. तरी तुकडा ताटलीत ठेवल्यावर कडा थोड्या ओघळतात. बारा तासांनी चरबी पुरती कडक झालेली असते, ओलावा सगळीकडे सारखा पोचलेला असतो आणि सुरी सरळ खाली उतरते. चोवीस तासांचं तर सर्वांत चांगलं, कॉफीचा वास तोवर क्रीममध्येही उतरलेला असतो. रविवारी दुपारी पाहुणे असतील तर शनिवारी संध्याकाळी भांडं फ्रीजमध्ये गेलेलं असावं. बलकाच्या मूळ कृतीलाही फ्रीजमधले काही तास लागतातच, पण बिनअंड्याच्या प्रकाराला रात्र देणंच योग्य.

भांडं फ्रीजच्या दारात किंवा पुढच्या कडेला ठेवू नये. दार उघडलं की तिथली थंडी आधी जाते. मधल्या फळीवर, मागच्या बाजूला चार अंशांच्या आसपास तापमान टिकतं. घाईत फ्रीझरमध्ये ढकलण्याचा मोह होतो. तिथे क्रीम कडक होतं खरं, पण बिस्किटातल्या कॉफीचा बर्फ होतो, आणि तो वितळला की तेच पाणी तळाशी येतं. रात्रभर नीट मुरल्यानंतर, कापण्याआधी फक्त वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवणं वेगळं, त्याने तुकडे स्वच्छ निघतात.

कापल्यावर दोष वाचता येतात. तळाशी तपकिरी पाणी दिसलं तर बिस्किटं जास्त भिजली. पहिला तुकडा काढून भांडं त्या बाजूला कलतं ठेवलं तर साठलेली कॉफी चमच्याने काढता येते आणि उरलेले तुकडे वाचतात. बिस्किट मध्ये कोरडं निघालं तर झाकून आणखी सहा तास थांबायचं, ते बहुतेक वेळा सुधारतं. क्रीम ओघळतंय पण बिस्किट ठीक आहे, तर क्रीम कमी फेटलं गेलं होतं. तेवढ्यासाठी वाट बघून उपयोग नाही, ते वाट्यांत वाढून टाकावं. क्रीममध्ये बारीक पिवळसर कण दिसले तर ते जास्त फेटलं गेलं. चवीला ते वाईट नसतं, फक्त जिभेला रवाळ लागतं.

कोको वाढायच्या वेळी भुरभुरवायचा, बारीक चाळणीतून, साखर नसलेला. आदल्या रात्री घातला तर तो ओलावा पिऊन काळपट डागांसारखा दिसतो. भांडं टेबलावर तासाभरापेक्षा जास्त ठेवू नये, उन्हाळ्यात तर अर्ध्या तासात परत आत. फ्रीजमध्ये दोन ते तीन दिवस ते चांगलं राहतं. तिसऱ्या दिवशी बिस्किट आणि क्रीम यांच्यातली सीमा पुसट होते, तुकडा नीट उभा राहत नाही, पण काही घरांत मुद्दाम त्याच दिवसाची वाट बघितली जाते.